मध्यपटलाखालील मुक्त वायू : एक शस्त्रसाध्य आत्ययिक अवस्था

उदरातील वायू म्हटला की आपले लक्ष प्रथम आध्मानाकडे जाते. परंतु आध्मानातील वायू हा आमाशय-आंत्राच्या पोकळीत, म्हणजे नळीच्या आत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला वायू नळीच्या बाहेर, उदरावरणाच्या पोकळीत आलेला असतो. निरोगी अवस्थेत तेथे वायू मुळीच नसतो. तो तेथे दिसला याचा अर्थ, बहुतेक वेळा, अन्नवह नळीला कोठेतरी छिद्र पडले आहे. आणि ज्या छिद्रातून वायू बाहेर आला, त्यातूनच अम्ल, पित्त व अन्नांशही बाहेर येत आहेत.

एक उदाहरण घेऊ. ५२ वर्षांचा शेतमजूर गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून तीन आठवडे दिवसातून दोनदा, पुष्कळदा उपाशीपोटीच, घेत होता. पहाटे ५ वाजता नाभीच्या वरच्या भागी सुरी खुपसावी तशी एकाएकी वेदना उठली. ७ वाजता तो चिकित्सालयात आला तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडून होता. अश्मरीच्या शूलात रुग्ण तळमळतो, कूस बदलत राहतो; येथे हालचालीने वेदना वाढते म्हणून तो हलत नाही. हा भेद दारातूनही दिसतो. पोट फळीसारखे कठीण, श्वसनाबरोबर न हलणारे. उजव्या खांद्याच्या टोकाशी वेदना. आणि यकृताच्या जागी आकोठनात मंद ध्वनीऐवजी पोकळ ध्वनी. खांद्याची वेदना चकवणारी असली तरी तिचे कारण सरळ आहे. मध्यपटलाची नाडी मानेतील ज्या मज्जाखंडांतून निघते, त्यांतूनच खांद्याच्या त्वचेची संवेदनाही जाते.

अशा वेळी मागवावयाचा तो उभ्या स्थितीतील छातीचा एक्स-रे. पोटाचा नव्हे, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. छातीच्या चित्रात किरण मध्यपटलाच्या घुमटाला जवळजवळ स्पर्श करीत जातात, त्यामुळे अगदी थोडा वायूही स्पष्ट दिसतो. मात्र रुग्णाला आधी ५ ते १० मिनिटे ताठ बसवून ठेवावे लागते, तेव्हाच वायू वर चढून घुमटाखाली जमतो. घाईने किंवा आडवे निजवून काढलेले चित्र हे फसण्याचे नेहमीचे कारण आहे. रुग्णाला बसवतच नसेल तर त्याला डाव्या कुशीवर निजवून आडव्या किरणांनी चित्र घेतात. मग वायू यकृत आणि उजवी उदरभित्ती यांच्यामध्ये दिसतो.

एरवी उजवीकडे यकृत व मध्यपटल एकाच पांढऱ्या छायेत मिसळलेले असतात. दोहोंमध्ये वायू शिरला की मध्यपटल पांढऱ्या बारीक रेघेसारखे वेगळे उमटते आणि तिच्याखाली काळी चंद्रकोर दिसते. डावीकडे मात्र आमाशयातील नैसर्गिक वायूचा फुगा असतो, म्हणून प्रथम उजवी बाजू पाहावी. क्वचित बृहदंत्राचा वेढा यकृताच्या वर सरकतो व तसाच काळा भाग दिसतो. त्यात आंत्राच्या वळ्या ओळखू येतात आणि रुग्णाचे पोट मऊ असते.

आपल्या रुग्णाच्या चित्रात चंद्रकोर स्पष्ट होती. दुपारपूर्वी शस्त्रकर्म झाले. ग्रहणीच्या प्रथम भागाच्या पुढील भित्तीत सुमारे ५ मिलिमीटरचे छिद्र होते. ते वपाजालाचा तुकडा बसवून शिवले व उदर सलाईनने धुऊन काढले.

हाच रुग्ण दुपारी आला असता तर? पहिल्या काही तासांनंतर उदरावरणातून स्रवणाऱ्या द्रवाने अम्ल पातळ होते आणि वेदना कधी कधी उतरते. रुग्ण म्हणतो, ‘आता बरे वाटते.’ पण नाडी वाढत जाते, पोट फुगू लागते, आंत्राचे ध्वनी थांबतात. अम्लाने झालेल्या दाहात आता जंतू वाढू लागलेले असतात, आणि प्रत्येक तासागणिक मृत्यूचा धोका चढत जातो. या उताराला औषधाचा गुण समजणे सर्वांत घातक.

म्हणून शंका येताच तोंडाने काहीही देऊ नये. पाचक चूर्ण नाही, पाणीही नाही. एरंडस्नेह, विरेचन व बस्ती यांनी आंत्राची गती वाढून गळती वाढते. ती सर्वथा वर्ज्य. शिरेवाटे सलाईन सुरू करावे, शक्य असल्यास नाकावाटे नळी घालून आमाशय रिकामे करावे, आणि शल्यचिकित्सकाकडे रुग्णालयात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत वेदना सुरू झाल्याची नेमकी वेळ लिहावी. परिस्रावी उदरात, आंत्रभेद झाला असता, सुश्रुतांनीही शस्त्रकर्मच सांगितले आहे.

औषधविक्रेत्यांनी एक गोष्ट जाणावी. वेदनाशामक गोळ्यांबरोबर स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात छिद्राचा धोका तर वाढतोच, शिवाय पोटाचा काठिण्यभावही झाकला जातो. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते, तेव्हा ‘कसली पुडी घेता?’ हे विचारलेच पाहिजे.

या चिन्हाला मर्यादाही आहेत. छिद्र असलेल्या दर चार-पाच रुग्णांत एखाद्याच्या चित्रात मुक्त वायू दिसत नाही. छिद्र मागील भित्तीत असेल किंवा वपाजालाने लगेच झाकले असेल तर असे होते. पोट कठीण असेल तर स्वच्छ चित्र पाहून रुग्णाला घरी पाठवू नये, सी.टी. स्कॅन करावे. उलट, उदराचे शस्त्रकर्म नुकतेच झालेल्या रुग्णात काही दिवस असा वायू राहतो. तेथे चित्रापेक्षा पोट व नाडी यांवरच निर्णय घ्यावा लागतो.