‘भोरे’चे ‘मोरे’ का होतात? ओसीआर आणि मराठी फॉन्टची गोष्ट

समजा तुमच्याकडे १९६०-७०च्या काळातलं छापील खरेदीखत किंवा गावच्या वाचनालयाची स्मरणिका आहे. तुम्ही फोनने फोटो काढता, ओसीआर चालवता आणि दोन सेकंदांत सगळा मजकूर टाइप होऊन समोर येतो. वरवर पाहिलं तर मस्त. पण मूळ कागदावर ‘भोरे’ असतं आणि स्क्रीनवर ‘मोरे’. दोन्ही खरी आडनावं. त्यामुळे स्पेलचेक काही बोलत नाही, वाचणाऱ्याला शंका येत नाही, आणि उद्या कोणी ‘भोरे’ शोधलं तर तो कागद सापडतच नाही.

मी कामात ओसीआर बऱ्याचदा वापरतो. मराठी पानांवर होणाऱ्या चुका बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. त्या कुठेही, कशाही होत नाहीत. ठरावीक अक्षरांवर आणि ठरावीक फॉन्टमध्येच होतात. त्यामागचं कारण एकदा कळलं की कुठल्या पानावर किती विश्वास ठेवायचा, हे आधीच सांगता येतं.

आधी मशीन वाचतं कसं ते बघू

टेसरॅक्ट हे फुकट मिळणारं, ओपन सोर्स ओसीआर. २०१८मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या व्हर्जनपासून ते न्यूरल नेटवर्क वापरतं. आधी ते पानावरच्या ओळी शोधतं. मग प्रत्येक ओळ ठरावीक उंचीची करून घेतं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बारीक उभ्या पट्ट्या बघत जातं. प्रत्येक ठिकाणी ‘इथे कुठलं अक्षर असण्याची शक्यता जास्त?’ हा एकच प्रश्न असतो. उत्तर देताना दोन गोष्टींचा आधार मिळतो: अक्षराचा आकार आणि आजूबाजूची अक्षरं.

हे नेटवर्क शिकतं ते वेगवेगळ्या फॉन्टमध्ये तयार केलेल्या ओळींवर. रोमन लिपीसाठी सुमारे ४,५०० फॉन्ट वापरले गेले. बाकीच्या लिप्यांना तेवढे फॉन्ट मिळाले नाहीत. म्हणजे मराठी पानावरचा टाइप जरा वेगळा असला, तर मशीनने तो आकार कधी पाहिलेलाच नसण्याची शक्यता इंग्रजीपेक्षा जास्त.

पण ओळखीच्या फॉन्टमध्येही ‘भ’चा ‘म’ होतो. ते का?

एका छोट्या फटीचा हिशोब

‘भ’ आणि ‘म’ शेजारी लिहून बघा. खालची गाठ सारखी, उजवीकडचा काना सारखा. फरक फक्त वर डावीकडे आहे. ‘म’वर शिरोरेषा सलग जाते, ‘भ’ला तिथे एक वळण आणि फट असते. ‘ध’ आणि ‘घ’चंही तेच. अख्ख्या अक्षराची ओळख त्या फटीवर टिकून आहे.

आता ही फट किती मोठी असते? १० पॉइंटचं अक्षर घेऊ. १ इंचात ७२ पॉइंट, म्हणजे १० पॉइंट म्हणजे साधारण ३.५ मिलिमीटर. फट त्याच्या एक दशांश धरली, तर ०.३५ मिलिमीटर. जुन्या छपाईत शिशाचा खिळा कागदावर दाबला जायचा आणि शाई कडेने थोडी बाहेर सरकायची. दोन्ही बाजूंनी ०.१ मिलिमीटर सरकली असं समजू. फट उरली ०.१५ मिलिमीटर.

३०० डीपीआयवर स्कॅन केलं तर एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे फटीला जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. फट दिसते, पण कशीबशी. १५० डीपीआयवर एक पिक्सेल ०.१७ मिलिमीटरचा. फट एका पिक्सेलपेक्षाही लहान झाली, म्हणजे ती करड्या रंगात विरघळली. आता मशीनसमोर शिरोरेषा सलग आहे आणि ‘म’ हेच योग्य उत्तर आहे! फाइलमधून माहितीच गेली, तर सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी ती परत आणू शकत नाही.

उलटही होतं. शाई कमी लागली आणि शिरोरेषा तुटली, तर ‘म’चा ‘भ’ आणि ‘घ’चा ‘ध’ होतो.

शेजारच्या अक्षरांची मदत होते, पण ती नेहमी पुरत नाही. ‘धरण’चं ‘घरण’ झालं तर तसा शब्द नाही, त्यामुळे नेटवर्क बहुतेक वेळा सावरून घेतं. पण ‘धन’ आणि ‘घन’, ‘भरण’ आणि ‘मरण’, ‘भात’ आणि ‘मात’ हे सगळेच खरे शब्द आहेत. आडनावं, गावांची नावं आणि आकडे यांना तर शेजाऱ्यांचा आधार जवळपास नसतोच.

गोंधळ घालणारे आणखी तीन आकार

पहिला ‘ख’. जुन्या टाइपमध्ये याचे दोन भाग सुटे असायचे, ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखे. त्यामुळे ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत माणसंही अडखळायची. नव्या फॉन्टमध्ये ‘र’ची शेपटी खालून ‘व’ला जोडलेली असते. ती जोडणी स्पष्ट असेल तर मशीन सहसा चुकत नाही.

दुसरा जोडाक्षरांचा. ‘ट्ट’ किंवा ‘द्ध’ बघा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये दोन अक्षरं एकाखाली एक किंवा एकात एक बसवलेली असतात. ओळीची उंची तेवढीच, पण तिच्यात दोन अक्षरं मावायला हवीत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पिक्सेल जवळपास निम्मे. शिवाय असे आकार मजकुरात कमी वेळा येतात, त्यामुळे मशीनचा सरावही कमी. याउलट ‘क्य’, ‘स्त’, ‘म्ह’ यांसारखी आडवी जोडाक्षरं, ज्यात पहिलं अक्षर अर्धं होऊन शेजारी बसतं, ती बरीच नीट वाचली जातात.

तिसरा अनुस्वार. हा एक टिंब असतो आणि कागदावरचा डागही टिंबच असतो. स्कॅन साफ करणारे फिल्टर लहान ठिपके पुसतात, तेव्हा अनुस्वारही जातो. मराठीत याची किंमत मोठी आहे. ‘त्यांचा’ हक्क ‘त्याचा’ झाला, तर कागदावरची माणसंच कमी झाली!

मग कुठला फॉन्ट चांगला वाचला जातो?

तुमच्या पासपोर्टवर फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात. त्यांचा फॉन्ट ओसीआर-बी, १९६८मध्ये आड्रिआन फ्रुटिगर यांनी मशीनला वाचता यावा म्हणूनच बनवलेला. त्यात शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ असे जुळे दिसणारे आकार मुद्दाम वेगळे केले आहेत. तत्त्व सोपं आहे: जिथे फरक बारीक आहे तिथे तो मोठा करा.

मराठीलाही हेच लागू होतं. रेघांची जाडी सगळीकडे साधारण सारखी, अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी, ‘ध’ आणि ‘भ’ची फट ठळक, ‘ख’ जोडलेला आणि शिरोरेषा सलग, असा फॉन्ट उत्तम वाचला जातो. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरीचं साधं वजन यात बसतं. तोच फॉन्ट एक्स्ट्रा बोल्ड केला की पोटं भरत जातात. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ आणि ‘ष’ची रेघ आजूबाजूच्या काळ्यात बुडते, आणि ‘बार’ की ‘वार’ हे कळेनासं होतं. लग्नपत्रिकेसारखे वळणदार फॉन्ट किंवा शिरोरेषा नसलेले फॉन्ट याहून अवघड, कारण ज्या खुणांवर मशीन अवलंबून असतं त्याच तिथे बदललेल्या असतात.

फॉन्टच्या पॉइंटवर मात्र जाऊ नका. १२ पॉइंटचा कोकिळा १२ पॉइंटच्या मंगलपेक्षा बराच लहान दिसतो. महत्त्वाची आहे ती अक्षराची प्रत्यक्ष उंची.

फोनने स्कॅन करताना

जुन्या पानाचा फॉन्ट तुम्ही बदलू शकत नाही, पण फट वाचवू शकता. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा असतो. ए-४ पानाची उंची ११.७ इंच. पान फ्रेममध्ये पूर्ण भरलं तर ४,००० भागिले ११.७, म्हणजे सुमारे ३४० डीपीआय मिळतात. पान फ्रेमच्या निम्म्याच उंचीत आलं तर १७०. वरचा हिशोब आठवा: फट तिथेच गेली.

स्कॅनर ॲपमधला कडक काळा-पांढरा फिल्टर टाळा आणि रंगीत किंवा ग्रे ठेवा, म्हणजे अर्धवट दिसणारी फट करड्या छटेत तरी टिकते. फोटो पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार कमी होतो.

चूक पकडायची कशी?

टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाला ० ते १०० असा खात्रीचा आकडा देऊ शकतं. कमी आकड्याचे शब्द तपासणं चांगलंच, पण ‘मोरे’ चुकीचं असूनही आकडा भरपूर येऊ शकतो, कारण इमेजमध्ये खरंच ‘म’ दिसतोय. म्हणून मी एक साधी युक्ती वापरतो. त्याच पानाचे दोन फोटो, वेगळ्या उजेडात, दोन्ही चालवायचे आणि फरक बघायचा:

```
tesseract pan1.jpg a -l mar --psm 6
tesseract pan2.jpg b -l mar --psm 6
diff a.txt b.txt
```

इथे `mar` म्हणजे मराठी आणि `--psm 6` म्हणजे पानाला मजकुराचा एकच ब्लॉक समज. दोन कॉलमचं पान असेल तर `--psm 6` काढून टाका, नाहीतर ओळी एकमेकांत मिसळतील. जिथे दोन निकाल वेगळे, तिथे मशीन काठावर उभं आहे असं समजायचं. बहुतेक वेळा तिथे भ-म, ध-घ किंवा अनुस्वारच निघतो.

तरी जी फट छापतानाच शाईने बुजली असेल, ती दोन्ही फोटोंत बुजलेलीच येणार. म्हणून शेवटी नावं, गावं, रकमा आणि तारखा एवढ्या चार गोष्टी मूळ कागदासमोर धरून डोळ्यांनी तपासा. अख्खं पान वाचायची गरज नाही. पण या चार गोष्टी न तपासता फाइल सेव्ह करून कागद टाकून देऊ नका. भोरेंचं नाव नंतर फक्त त्या कागदावरच सापडेल.