‘हे तर लहान मूलही काढेल!’

शाळेची सहल कलादालनात गेली की अमूर्त चित्रापुढे कुणीतरी हे वाक्य म्हणतंच. म्हणणाऱ्याला लगेच अडाणी ठरवू नये. चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग आहेत. मग शंका येणारच. आणि मुलांनो, ही शंका तपासून पाहता येते.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ती तपासली. त्यांनी चित्रांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एक चित्र नावाजलेल्या अमूर्त चित्रकाराचं आणि दुसरं दिसायला तसंच, पण लहान मुलाने, माकडाने किंवा हत्तीने रंगवलेलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, जास्त चांगलं कोणतं? यातले काही विद्यार्थी कलेचे होते, काहींचा चित्रकलेशी संबंध नव्हता. काही जोड्यांवर तर मुद्दाम उलट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या: चित्रकाराच्या चित्राखाली ‘माकड’ आणि माकडाच्या चित्राखाली ‘चित्रकार’. तरीही दहापैकी साधारण सहा-सात वेळा विद्यार्थ्यांनी चित्रकाराचंच चित्र निवडलं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

दहापैकी दहा वेळा मात्र नाही. म्हणजे लहान मुलाच्या हातूनही कधी कधी फार सुंदर चित्र उतरतं, हे प्रांजळपणे मान्य करायला हवं. पण निवड नुसत्या नशिबावर असती, तर आकडा पाचाच्या आसपास राहिला असता. विद्यार्थ्यांनी सांगितलेली कारणंही बोलकी होती: चित्रकाराच्या चित्रात काही ठरवून केल्यासारखं वाटतं, असं त्यांना जास्त वेळा जाणवलं.

हे ‘ठरवून करणं’ म्हणजे काय, ते वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत पाहू. गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, मुंबईत गिरगावात वाढले आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकले. सुरुवातीला ते माणसांच्या आकृती काढत. ‘बघा, त्यांना खरं चित्रही काढता येत होतं,’ असा बचाव बरेच जण करतात. मला तो लंगडा वाटतो. अमूर्त चित्र त्याच्या स्वतःच्या बळावरच उभं राहायला हवं.

गायतोंडे तैलरंग ब्रशऐवजी बऱ्याचदा रोलरने आणि पॅलेट नाइफने लावत. रंगाचा थर द्यायचा, त्यातला काही खरवडून काढायचा, कधी फाडलेल्या कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा किंवा उमटवायचा आणि त्यावर पुन्हा पातळ थर द्यायचा. पातळ थरातून प्रकाश आत शिरतो, खालच्या रंगावर आपटून परत येतो. म्हणून त्यांचा पिवळा किंवा हिरवा रंग आतून उजळल्यासारखा दिसतो.

यातली खरी अडचण वाळण्याची आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही. त्यातलं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतं आणि त्याला काही दिवस लागतात. घाई केली तर खालचा रंग वर येऊन मिसळतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडलं तर पुढे तडे जाण्याची भीती असते. लहान मुलाला रंग दिले की काय होतं, आठवून बघा. पहिली पाच मिनिटं कागद झकास दिसतो. मग ओल्या निळ्यावर लाल, त्यावर हिरवा, आणि थोड्या वेळात सगळं मातकट तपकिरी. भिंतीवर लावलेलं बाळाचं छान चित्र बऱ्याचदा आईने किंवा बाईंनी वेळेवर काढून घेतलेलं असतं. कुठे थांबायचं, हे तिथे मोठ्या माणसाने ठरवलेलं असतं.

गायतोंडे स्वतः थांबत. वर्षाकाठी त्यांची पाच-सहाच चित्रं पूर्ण होत. एकाच प्रश्नामागे ते कित्येक दशकं लागले होते, म्हणून त्यांचं एक चित्र दुसऱ्याला पुढे नेतं. मुलाला कालचंच चित्र आज पुन्हा काढ म्हटलं, तर त्याला ते जमत नाही आणि त्याची त्याला गरजही नसते. रंग फासण्याचा त्याचा आनंद खराच असतो. पण तो वेगळ्या कामाचा आनंद आहे.

म्हणून पुढच्या वेळी कलादालनात गेलात की चित्राजवळ जा, पण हात लावू नका. बाजूने तिरकं बघा, म्हणजे थरांचे उंचवटे दिसतील. कडांपाशी खालचा कोणता रंग डोकावतो ते शोधा. त्याच चित्रकाराचं आणखी एखादं चित्र बघा आणि दोन्हींत काय टिकलं, काय बदललं ते वहीत लिहा. एवढं करूनही चित्र आवडलं नाही, तर तसं खुशाल सांगा. सगळीच अमूर्त चित्रं चांगली नसतात. फक्त ‘लहान मूलही काढेल’ म्हणण्याआधी ही दहा मिनिटं त्या चित्राला द्या.