पहिला प्रश्न सोपा, दुसरा ‘का?’

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक टेबलाजवळ येतात, ब्युरेटकडे एक नजर टाकतात आणि विचारतात, “पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढायचा का?” उत्तर जवळपास सगळ्यांना येतं: “नाही, सर.” मग सर विचारतात, “का?” इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलेल्या प्रश्नोत्तरांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं, दुसऱ्याचं क्वचितच. खरे गुण मात्र दुसऱ्या उत्तराला असतात. म्हणून इथे पन्नास प्रश्नांची यादी न देता एकच नेहमीचा प्रयोग घेऊ: ऑक्झॅलिक आम्लाच्या मदतीने पोटॅशियम परमॅंगनेटची तीव्रता काढणं. टेबलावरच्या वस्तू ज्या क्रमाने हातात येतात, त्याच क्रमाने प्रश्नही येतात.

आधी पिपेट. शेवटच्या थेंबाचं उत्तर असं द्यावं: “पिपेटवर 10 मिलिलिटरची खूण करताना टोकात थोडा द्राव राहणार हे धरूनच ती केलेली असते. म्हणून द्राव आपोआप उतरू द्यायचा, टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवायचं आणि उरलेलं तसंच राहू द्यायचं. फुंकलं तर 10 मिलिलिटरपेक्षा जास्त द्राव पडतो.” एका थेंबाने काय बिघडतं, असा उपप्रश्न आला तर हिशेब सांगावा. थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा धरला, तर 10 मिलिलिटरमध्ये ती अर्ध्या टक्क्याची चूक झाली.

“तोंडाने ओढायचं का?” याचंही उत्तर सगळ्यांना येतं, पण ‘विषारी असतं’ एवढ्यावर सोडू नये. धोका कुठल्या क्षणी होतो ते सांगावं. पिपेटचं टोक द्रावाच्या पातळीच्या वर आलं, की आत एकदम हवा शिरते आणि वर चढलेला द्राव झटक्याने तोंडात जातो. नजर वरच्या खुणेवर असते, खालच्या टोकाकडे लक्ष नसतं, म्हणून हे सावध माणसाच्या बाबतीतही घडतं. त्यासाठी रबरी बल्ब वापरायचा. त्या बल्बचाही एक धोका आहे, आणि तो फार कमी विद्यार्थी सांगतात. बल्ब बसवताना पिपेट मध्यावर किंवा खाली धरून जोर लावला, तर काच मोडते आणि तुटलेलं टोक तळहातात घुसतं. पिपेट वरच्या टोकाजवळ, बल्बपासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर धरायची आणि बल्ब हलकेच टेकवायचा. हवा आत शिरणार नाही इतका बसला तरी पुरे, खोल खुपसायची गरज नाही. द्राव खुणेच्या वर आला की बल्ब काढून तर्जनीने तोंड बंद करायचं. अंगठ्याने नाही, कारण तर्जनी किंचित सैल करून पातळी थेंबाथेंबाने खुणेवर आणता येते. अंगठ्याला तेवढा ताबा ठेवता येत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारा प्रश्न: कुठलं पात्र कशाने खळबळून घ्यायचं? नियम असा, की ब्युरेट आणि पिपेट आधी पाण्याने आणि मग ज्या द्रावाने भरायची त्याच द्रावाने खळबळून घ्यायची. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त शुद्ध केलेल्या पाण्याने. पाठ केलेलं हे उत्तर ‘असं वेगवेगळं का?’ म्हटल्यावर लगेच विस्कटतं. आकडे मांडले की ते पक्कं बसतं.

समजा 0.05 मोलर ऑक्झॅलिक आम्ल 10 मिलिलिटर घेतलं आणि ब्युरेटमध्ये 0.02 मोलर परमॅंगनेट आहे. दोन रेणू परमॅंगनेट पाच रेणू ऑक्झॅलिक आम्लाला पुरतं. त्या हिशेबाने ब्युरेटचं वाचन बरोबर 10.0 मिलिलिटर यायला हवं. आता ब्युरेटमध्ये धुण्याचं 1 मिलिलिटर पाणी राहिलं आणि त्यावर 50 मिलिलिटरपर्यंत परमॅंगनेट भरलं. द्राव दोन टक्क्यांनी पातळ झाला, वाचन 10.2 आलं आणि परमॅंगनेटची तीव्रता हिशेबात 0.0196 निघाली. दुसरीकडे, फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने खळबळला आणि त्यात अर्धा मिलिलिटर राहिलं, तर आम्ल 10 ऐवजी साडेदहा मिलिलिटर झालं आणि वाचन 10.5 वर गेलं. पण फ्लास्कमध्ये अर्धा मिलिलिटर पाणी राहिलं तर? काहीच बिघडत नाही. पिपेटने टाकलेलं आम्ल तेवढंच आहे, ते फक्त थोड्या जास्त पाण्यात पसरलं. ब्युरेट आणि पिपेटमध्ये द्रावाची तीव्रता जपायची असते, फ्लास्कमध्ये द्रव्याचं प्रमाण. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर परीक्षक सहसा पुढच्या टेबलाकडे वळतात.

न वळले, तर ब्युरेटवर येतात. “परमॅंगनेटसाठी रबरी नळी आणि चिमटा असलेली ब्युरेट का चालत नाही?” कारण परमॅंगनेट जोरदार ऑक्सिडीकारक आहे. ते रबरावर क्रिया करतं, रबर खराब होतं आणि द्रावाची तीव्रताही घटते. म्हणून काचेच्या तोटीची ब्युरेट घ्यायची. “वाचन कुठलं घेतलं?” इतर रंगहीन द्रावांत आपण वक्र पातळीची खालची कड वाचतो, परमॅंगनेट इतकं गडद असतं की ती कड दिसतच नाही, म्हणून वरची वाचायची. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरचीच वाचली, की वजाबाकीत फरक पडत नाही. डोळा पातळीच्या समोर हवा. वरून बघितलं तर ब्युरेटमध्ये खऱ्यापेक्षा कमी आकडा वाचला जातो, कारण तिचे आकडे वरून खाली वाढत जातात. भरल्यावर फनेल काढून ठेवायचं, नाहीतर मधेच त्याच्यातून थेंब पडतो. तोटीच्या खालच्या टोकात बुडबुडा राहू द्यायचा नाही. तो टायट्रेशन चालू असताना निसटला, तर त्याच्या जागी भरलेला द्रावही फ्लास्कमध्ये पडल्यासारखा मोजला जातो.

फ्लास्कमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल घालतात. “हायड्रोक्लोरिक का नाही?” या प्रश्नात अचूकता आणि सुरक्षितता एकत्र येतात. परमॅंगनेट क्लोराइडमधून क्लोरीन मोकळा करतं. त्यात परमॅंगनेट वाया जातं, वाचन फुगतं आणि वर क्लोरीन हा नाकाघशाला झोंबणारा विषारी वायू. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने परमॅंगनेटच्या वाट्याचं काम तेच थोडं उरकतं आणि वाचन कमी येतं. आम्ल कमी पडलं तर ते डोळ्यांनी दिसतं: फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. तो मॅंगनीज डायऑक्साइड. तसं झालं तर ते वाचन सोडून द्यावं आणि नव्याने सुरुवात करावी. गुलाबी छटा येईपर्यंत थेंब टाकत राहण्यात अर्थ नसतो.

फ्लास्क 60 ते 70 अंशांपर्यंत गरम करायचा, कारण थंडीत ही क्रिया रेंगाळते. पहिल्या काही थेंबांचा रंग जातच नाही. उकळायचा मात्र नाही, ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होऊ लागतं. गरम फ्लास्क ओल्या फडक्याने धरू नये. ओलाव्यातून उष्णता हाताला पटकन लागते, शिवाय तापलेल्या काचेला थंड पाणी लागलं तर ती तडकू शकते. कोरडं फडकं किंवा घडी घातलेला कागद मानेभोवती गुंडाळावा.

हे विरल आम्ल आलं कुठून, असं म्हणत परीक्षक हमखास विचारतात: “आम्लात पाणी की पाण्यात आम्ल?” ‘पाण्यात आम्ल, कारण उष्णता बाहेर पडते’ हे उत्तर अर्धंच आहे. उष्णता दोन्ही प्रकारे तेवढीच बाहेर पडते. फरक ती कुठे साठते याचा आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लाची घनता सुमारे 1.84, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. आम्लावर पाणी ओतलं तर ते वरच्या थरात तरंगतं, जिथे दोन्ही भेटतात तिथली सगळी उष्णता त्या थोड्या पाण्याला मिळते, ते क्षणात उकळतं आणि वाफेबरोबर आम्लाचे थेंब तोंडावर उडतात. उलट, पाण्यात आम्ल टाकलं तर ते जड असल्याने खाली जातं आणि उष्णता भोवतालच्या भरपूर पाण्यात वाटली जाते. मात्र आम्ल बारीक धारेने, ढवळत आणि थांबत थांबत टाकायचं. ढवळलं नाही तर तळाशी आम्लाचा थर साचतो आणि नंतर एकदम मिसळतो, म्हणजे धोका फक्त पुढे ढकलला जातो. हे बीकरमध्ये करायचं, मोजपात्रात नाही. त्याची जाड काच असमान तापून तडकते. बीकर थंड पाण्याच्या परातीत ठेवलं तर आणखी बरं.

टेस्ट ट्यूबचा प्रश्न याचाच भाऊबंद आहे. तळाशीच ज्योत लावली तर खालचा द्रव आधी उकळतो आणि वरचा सगळा द्रव उडवून देतो. म्हणून ट्यूब एक तृतीयांशाहून कमी भरायची, तिरकी धरून द्रवाच्या वरच्या भागापासून हलवत तापवायची आणि तोंड कोणाच्याही दिशेने ठेवायचं नाही. ‘कोणाच्याही’मध्ये तुम्हीही आलात, ट्यूबमध्ये डोकावून बघणारे दर बॅचला भेटतात.

शेवटी परीक्षक विचारतात, “आम्ल हातावर सांडलं तर?” इथे जुन्या गाइडांतलं उत्तर चुकवतं. लगेच खाण्याचा सोडा लावायचा, असं त्यांत लिहिलेलं असतं. योग्य उत्तर असं: “आधी नळाखाली वाहत्या पाण्यात, निदान पंधरा ते वीस मिनिटं. आम्ल लागलेले कपडे, घड्याळ, अंगठी लगेच काढायची. सोडा शोधण्यात वेळ जातो, तेवढ्यात आम्ल खोलवर जातं, आणि त्वचेवरच आम्ल-अल्कलीची क्रिया घडवली तर उष्णता वाढते. सोडा टेबलावर सांडलेल्या आम्लासाठी.” डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा मिनिटं पाणी मारायचं आणि मग थेट डॉक्टर. अल्कलीसाठीही हेच करायचं. सोडियम हायड्रॉक्साइड सुरुवातीला फारसं झोंबत नाही, नुसतं बुळबुळीत लागतं. म्हणून मुलं हात पँटला पुसतात आणि टायट्रेशन चालू ठेवतात. बुळबुळीत लागलं म्हणजे कातडीचा वरचा थर विरघळायला सुरुवात झाली आहे. वाचन अर्धवट टाकून नळ गाठायचा.