फोटोतला लाल शर्ट कसा घालवायचा?

सुट्टीच्या दिवशी गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढला की आपल्या माणसांमागे निम्मी मुंबई येते. समजा, पुढे आई-बाबा आहेत आणि आईच्या खांद्यामागे लाल शर्टातले एक गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून उभे आहेत. त्यांच्या मागे पिवळसर बेसॉल्टची भिंत, पायाखाली फरशी. हे गृहस्थ फोटोशॉपमध्ये पुसता येतात, पण त्यांच्यामागची खरी भिंत काही परत मिळत नाही, कारण ती कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते. तिथे जे दिसेल ते फोटोतल्याच इतर तुकड्यांतून जुळवलेलं असतं.

ही जुळवाजुळव 2010 साली आलेलं कंटेंट-अवेअर फिल आपणहून करतं. लॅसोने गृहस्थांभोवती किंचित मोकळी जागा सोडून रेघ मारायची, फक्त आईच्या खांद्याशी ती अगदी कडेवरून न्यायची. फरशीवरची सावलीही आत घ्यायची. ती राहिली तर माणूस नाही आणि सावली मात्र आहे, असा भुताटकीचा प्रकार होतो! मग Edit मेनूतलं Content-Aware Fill उघडायचं. फोटोवर हिरवा रंग पसरतो. तुकडे कुठून उचलले जाणार, ते हा रंग दाखवतो. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. हिरव्यात शेजारचे पर्यटक राहिले, तर लाल शर्टाच्या जागी दुसऱ्याच कुणाचा अर्धा चेहरा उगवतो. आईची साडी राहिली, तर भिंतीला काठपदर फुटतो. म्हणून वजा चिन्हाच्या ब्रशने सगळी माणसं हिरव्यातून पुसायची आणि नुसता दगड व फरशी ठेवायची. Output To मध्ये New Layer निवडलं की मूळ फोटोला धक्का लागत नाही.

एवढं करूनही दगडांचे सांधे हमखास तुटतात. आडवी रेघ मध्येच खाली उतरते किंवा विरून जाते. इथे क्लोन स्टॅम्प हवा, कारण तो स्वतःचं डोकं चालवत नाही; दाखवलेल्या जागेची जशीच्या तशी नक्कल उमटवतो. वर नवा रिकामा लेयर घ्यायचा, Sample मध्ये Current & Below ठेवायचं. ऑल्ट दाबून शाबूत सांध्यावर क्लिक करायचं आणि तुटलेल्या जागी त्याच रेघेच्या पातळीवर ब्रश टेकवायचा. सपाट दगडावर ब्रशची कड मऊ चालते. खांद्याजवळ मात्र ती कडकच हवी, नाहीतर खांद्याभोवती धुरकट वलय उमटतं. एकाच ठिकाणाहून सारखं उचललं, की दगडावरचा तोच डाग ओळीने दिसू लागतो. त्यामुळे उचलण्याची जागा बदलत राहायची.

शेवटी 100 टक्के झूमवर सांधे तपासा आणि फोटो आडवा उलटून पाहा. सवयीने न दिसलेली चूक तेव्हा चटकन दिसते. गृहस्थांचा हात आईच्या खांद्यावरून पुढे आला असेल, तर मात्र नाद सोडा. तिथे साडीच नव्याने रंगवावी लागते. त्यापेक्षा फोटो कापलेला बरा.