माल पोचला, पण स्वीकारला कधी?

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपला चाकणच्या कंपनीकडून २,००० पिनांची ऑर्डर मिळाली, असं समजू. दर १२० रुपये, म्हणजे जीएसटी सोडून २ लाख ४० हजारांचं काम. पीओवर एवढंच छापलेलं : ‘डिलिव्हरी १० जून, पेमेंट ३० दिवस’. सोबत ड्रॉइंग. १० जूनला टेम्पो पोचला आणि चलनावर सिक्युरिटीचा शिक्का पडला. स्टोअरने जीआरएन केला १४ तारखेला. क्यूसीने पिना हातात घेतल्या त्या २४ तारखेला, आणि लगेच फोन आला : पिना गेजमध्ये जात नाहीत, सगळा लॉट परत न्या.

वर्कशॉपवाला खोटं बोलत नव्हता आणि क्यूसीवालाही नाही. ड्रॉइंगवर व्यास होता २० मिलिमीटर, त्यात २१ मायक्रॉनपर्यंत कमी चालेल पण जास्त अजिबात नाही. ग्राइंडिंगनंतर मायक्रोमीटर १९.९९० दाखवत होता, म्हणजे माप बरोबर. मग त्यावर ८ मायक्रॉनचं झिंक प्लेटिंग चढलं. थर दोन्ही बाजूंना बसतो, त्यामुळे व्यास १६ मायक्रॉनने वाढून २०.००६ झाला. हे माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, हे ना ड्रॉइंगवर होतं ना पीओवर. एका ओळीत मिटलं असतं : ‘सर्व मापे प्लेटिंगनंतरची’.

तपासणीच्या कलमात माप कधी आणि कशाने घ्यायचं हे जसं हवं, तसंच किती नग तपासायचे हेही हवं. २,००० पिना कोणी एकेक करून मोजत नाही. आयएस २५०० या मानकात त्यासाठी तक्ते आहेत. नेहमीच्या तपासणी पातळीला आणि १ टक्का गुणवत्ता मर्यादेला २,०००च्या लॉटमधून १२५ नग काढायचे. ३ पर्यंत सदोष निघाले तर लॉट पास, ४ निघाले तर नापास. हे आधी ठरलेलं असेल, तर नापास लॉट पूर्ण परत जाणार की निवडून चांगले नग ठेवले जाणार, आणि निवडण्याची मजुरी कोणाची, एवढंच लिहायचं उरतं.

आता पैशाकडे येऊ. ३० दिवस नेमके कधीपासून? वर्कशॉप बिलाच्या तारखेपासून मोजतं, अकाउंट्स जीआरएनपासून आणि खरेदी विभाग क्यूसीच्या ओकेपासून. माझ्या मते बहुतेक भांडणांचं मूळ इथेच आहे, कारण माल पोचणं आणि माल स्वीकारणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि पीओ दुसरीबद्दल गप्प असतो.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६चा एमएसएमई विकास कायदा ही पोकळी काही प्रमाणात भरतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर प्रत्यक्ष डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. आपल्या उदाहरणात २४ जूनचा फोन मुदतीत होता, पण लेखी नव्हता. म्हणून स्वीकृती १० जूनची आणि ३० दिवस १० जुलैला संपतात. तोच निरोप त्या दिवशी ई-मेलने गेला असता, तर वर्कशॉपने दोष दूर केला तो दिवस स्वीकृतीचा ठरला असता. करारात मुदत कितीही लिहा, स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे ती जाऊ शकत नाही. मुदत लिहिलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही, म्हणून लघु उद्योजकाने उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर छापावाच.

खरेदीदाराचाही एक धोका आहे. १९३०च्या वस्तू विक्री कायद्यानुसार, माल वाजवी मुदतीपलीकडे काही न कळवता ठेवून घेतला तर तो स्वीकारल्यासारखाच असतो. त्यानंतर दोष सापडला तर नुकसानभरपाई मागता येते, पण करारात तशी सोय नसेल तर माल परत करता येत नाही. पिन मशीनवर चढल्यावरच दिसणाऱ्या दोषांसाठी वेगळं वॉरंटी कलम लागतं ते यामुळे.

या पीओवर मी असं लिहिलं असतं : ‘डिलिव्हरी म्हणजे चाकण गेटवरील शिक्क्याची तारीख. तपासणी त्यानंतर ७ कामाच्या दिवसांत. नापसंती फक्त ई-मेलने, मोजलेल्या मापांसह. तसे न कळवल्यास माल स्वीकृत. वादात नसलेल्या नगांचे पैसे स्वीकृतीपासून ३० दिवसांत. वादातील नगांपुरतीच रक्कम रोखता येईल.’

अशा अटींवर हरकत घ्यायची असेल, तर ती माल पाठवण्याआधी लेखी घ्यायला हवी. पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत काय आहे ते न वाचता टेम्पो रवाना केला, तर अटी मान्य करूनच काम केलं असं कायदा सहसा धरतो; नंतर बिलाखाली छापलेल्या स्वतःच्या अटी तिथे फारशा टिकत नाहीत.