पोस्ट तिची, पैसे ब्रँडचे

इन्स्टाग्रामवर एखादी जाहिरात समोर येते आणि वर कंपनीच्या नावाबरोबर एका व्यक्तीचंही नाव दिसतं. खाली Sponsored किंवा Paid partnership असं लिहिलेलं असतं. हिला पार्टनरशिप जाहिरात म्हणतात. कुणीतरी आपल्या खात्यावर टाकलेली पोस्ट कंपनी पैसे भरून आणखी हजारो लोकांपर्यंत पोहोचवते. मेटा कंपनी पूर्वी तिला ब्रँडेड कंटेंट जाहिरात म्हणत असे.

समजा, सोलापुरात शेंगदाण्याची चटणी करणारा एक छोटा उद्योग आहे. ठाण्यातल्या एका गिऱ्हाईक बाईंनी ती चटणी भाकरीबरोबर खातानाचा रील टाकला, उद्योगाच्या खात्याला टॅग केलं आणि रील बरा चालला. आता उद्योजकापुढे दोन वाटा आहेत. स्वतःचा व्हिडिओ बनवून स्वतःच्या खात्यातून जाहिरात करायची, किंवा बाईंचाच रील पुढे न्यायचा. पहिल्या वाटेने गेलं तर जाहिरातीवर फक्त उद्योगाचं नाव असतं, मजकूर त्याचा, प्रतिक्रियाही त्याच्याच ताब्यात. दुसऱ्या वाटेने गेलं तर लोकांना दिसतं ते बाईंचं नाव, त्यांचा चेहरा, त्यांचं स्वयंपाकघर. विकणाऱ्याने केलेल्या स्तुतीपेक्षा खाणाऱ्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास अधिक बसतो, आणि उद्योजक पैसे मोजतो ते त्या विश्वासासाठी.

म्हणूनच यात परवानगी कळीची ठरते. टॅग केलं म्हणजे जाहिरातीला होकार दिला, असं नाही. बाईंनी पोस्टवर पार्टनर म्हणून उद्योगाचं नाव जोडून Allow brand partner to boost हा पर्याय चालू करायचा, किंवा त्या पोस्टपुरता एक कोड काढून उद्योजकाला द्यायचा. तो कोड उद्योजक Ads Manager मध्ये, Partnership ad चालू करून भरतो आणि मग बजेट ठरवतो, समजा रोज ५०० रुपये, दहा दिवस. परवानगी मागे घेतली की जाहिरात थांबते.

अडखळायला होतं ते बहुतेक वेळा गाण्यापाशी. बाईंनी रीलला चित्रपटगीत लावलं असेल, तर घरगुती पोस्ट म्हणून ते चालतं, पण जाहिरातीसाठी त्या गाण्याचे हक्क मिळालेले नसतात. असा रील पुढे नेता येत नाही. म्हणून कामाची गरज असेल तर गाणं न लावलेला, स्वतःच्या आवाजातला रील आधीच मागून घ्यावा.

आकड्यांकडे पाहतानाही जपायला हवं. जाहिरातीतून आलेले लाइक आणि प्रतिक्रिया मूळ पोस्टवरच जमा होतात. त्यामुळे रीलवर पाच हजार लाइक दिसले, तरी त्यातले किती आपसूक आले आणि किती पैशांनी, हे पोस्ट पाहून कळत नाही. शिवाय नावावर बोट ठेवणारे बरेच जण बाईंच्या खात्यावर जातात, उद्योगाच्या नाही. उद्योजकाने म्हणून तेच बजेट आणि तेच प्रेक्षक ठेवून आपल्या नेहमीच्या जाहिरातीशी तुलना करावी, आणि एका ऑर्डरमागे किती रुपये गेले तेवढंच पाहावं.

माझी काळजी मात्र त्या बाईंबद्दल अधिक आहे. रील टाकताना त्यांच्यासमोर ओळखीचे लोक होते. पैसे ओतल्यावर अनोळखी माणसं त्यांच्या पोस्टखाली लिहू लागतात, चटणीला तेल जास्त आहे इथपासून त्यांच्या दिसण्यापर्यंत. ते वाचणं आणि पुसणं त्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून पोस्ट करण्याचा मोबदला आणि ती जाहिरात म्हणून वापरू देण्याचा मोबदला हे दोन वेगळे हिशेब आहेत. किती दिवस, कोणत्या ठिकाणी, व्हिडिओ कापता येईल की नाही आणि किती पैसे, हे चार मुद्दे निदान व्हॉट्सॲपवर तरी लेखी हवेत.

कायद्याचीही नजर आहे. अॅस्कीने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. पैसे, फुकट माल किंवा सवलत, यांतलं काहीही मिळालं असेल तर ते लोकांना स्पष्ट दिसेल असं सांगावं लागतं. दिशाभूल केली तर पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे. बाईंनी चटणी स्वतः विकत घेतली होती, तोवर त्यांचा रील हे निव्वळ मत होतं. परवानगीच्या बदल्यात त्यांनी पैसे किंवा चटणीची चार पाकिटं घेतली, की पोस्टवर पार्टनरशिपचं लेबल लावणं त्यांचीही जबाबदारी होते.