रूसो ऱ्हस्व की दीर्घ?

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर वाशीम जिल्ह्यातले जऊळका लागते. रोमन लिपीत या नावातला ‘ळ’ टिकत नाही आणि ‘जऊ’ व ‘जौ’ यांतला फरकही उरत नाही. केवळ रोमन अक्षरे पाहून कुणी परगावचा माणूस हे नाव देवनागरीत उतरवू लागला, तर तो ‘जौलका’ लिहील आणि त्यात त्याचा दोष नसेल. परदेशी माणसांची नावे मराठीत आणताना आपण नेमके त्या परगावच्या माणसाच्या जागी असतो. समोर इंग्रजी पुस्तकातली अक्षरे असतात, त्या माणसाच्या घरातला उच्चार नसतो.

पेशवाईच्या काळात एल्फिन्स्टनचे नाव ‘अल्पिष्टन’ झाले, कारण कारकुनाने कानाला लागले ते लिहिले. पत्रापुरते ते चालून जाई. मराठी विश्वकोशासारख्या ग्रंथात ते चालत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला हे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. अकारविल्हे लावलेल्या अशा कोशात नावाचे पहिले अक्षरच नोंद कुठल्या खंडात जाईल ते ठरवते. जर्मन कवीला एकाने ‘ग्योटे’ म्हटले, दुसऱ्याने ‘गटे’ आणि तिसऱ्याने ‘गोएथे’, तर वाचक तीन ठिकाणी शोधत बसतो. शिवाय पुढच्या खंडातल्या लेखाने मागच्या खंडाचा हवाला दिला, तर त्यालाही तेच रूप पाळावे लागते.

अशा कामात एकच नाव नीट तपासून पाहावे. फ्रेंच विचारवंत झां झाक रूसो घेऊ. त्याचे आडनाव मराठीत ‘रुसो’ असेही छापतात आणि ‘रूसो’ असेही. फ्रेंच उच्चाराकडे कान लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्या जागी फ्रेंचमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. मराठीचा नियम लावला, तर शेवटचे अक्षर दीर्घ असताना आधीचा उकार ऱ्हस्व येतो, ‘सुरू’ किंवा ‘मेहुणा’ यांच्यासारखा. म्हणजे ‘रुसो’. पण हाच नियम इमानाने पुढे नेला, तर अकारान्त नावात ‘गरीब’, ‘वकील’ यांच्याप्रमाणे ‘डार्वीन’ लिहावे लागेल, आणि तसे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून विशेषनामांना मराठीचे उपान्त्य नियम लावूच नयेत, रुळलेले रूप घ्यावे, हेच बरे वाटते. त्या न्यायाने ‘रूसो’ चालेल, अट एवढीच की तो शेवटच्या पानापर्यंत ‘रूसो’च राहील. विभक्ती लागल्यावरही नावाला हात लावू नये. ‘गरीब’चे ‘गरिबाने’ होते, पण ‘लेनिन’ स्वीकारला की ‘लेनिनने’, आणि ‘लेनीन’ स्वीकारला की ‘लेनीनने’.

शेवटचा इकार मात्र तंटा करत नाही. मार्कोनी, गॅरिबाल्डी हे मराठीच्या सवयीने दीर्घच.

अनुनासिकाचे काम अधिक नाजूक आहे. ‘झां’ हे पुरुषाचे नाव, तर ‘झान’ हे बाईचे. बिंदू गेला किंवा त्याचा ‘न’ झाला की माणूसच बदलतो. त्यातही ‘झांना’ लिहिले की मराठी डोळ्याला ते ‘लोकांना’सारखे अनेकवचन वाटते. अशा ठिकाणी आडनावाला प्रत्यय लावावा, ‘रूसोला’ लिहावे.

शिल्पकार रोदॅंचे नाव घेतले की वेगळीच गाठ पडते. मराठीत ‘बॅट’मधला अर्धचंद्र स्वर दाखवतो आणि त्यावरचा बिंदू अनुनासिक. दोन्ही मिळून चंद्रबिंदूसारखे दिसतात. मराठी वाचक ‘रोदॅं’मध्ये ‘ॲ’चा स्वर ऐकतो आणि तो फ्रेंच उच्चाराच्या जवळ जातो. हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्याला तिथे नुसता नाकातला ‘अ’ ऐकू येतो.

संगणकावर तर ही दोन वेगळी अक्षरे आहेत. एक जण `U+0945` आणि `U+0902` असे दोन भाग टंकतो, दुसरा थेट `U+0901` टंकतो. पानावर दोन्ही ‘फ्रँकलिन’ सारखेच दिसतात, मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटतात, आणि सूची करताना एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. ‘ॲ’चेही तसेच आहे. ते एका अक्षराने टंकता येते आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. हा घोटाळा ओळखायचा सोपा उपाय म्हणजे नाव एका ठिकाणाहून उचलून पूर्ण मजकुरात शोधणे. पानांवर मोजलेल्या जागांपेक्षा कमी जागा सापडल्या, तर कुठेतरी दुसरी टंकपद्धत शिरलेली आहे.

म्हणून प्रत्येक नावासाठी एक चिठ्ठी करावी. तिच्यावर मूळ भाषा, मूळ लेखन, ठरलेले देवनागरी रूप, एक सविभक्तिक रूप आणि टाळायची रूपे लिहावीत. रूसोच्या चिठ्ठीवर ‘फ्रेंच, Jean-Jacques Rousseau, झां झाक रूसो, रूसोने; रुसो, रुस्सो नको’ एवढे पुरते. नवा लेखक हाती घेतलेल्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद लिहिण्याआधी या चिठ्ठ्या पाहतो. जिथे चिठ्ठी नसते तिथे स्वतः रूप ठरवत नाही, संपादकाला विचारतो, आणि त्याच दिवशी नवी चिठ्ठी तयार होते.